कन्सोल चोरीला गेला तर: आधी खातं, मग नंबर, मग पोलीस ठाणं

मोबाइल चोरीला गेला तर काय करायचं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. सिम बंद करायचं, पोलिसांत तक्रार द्यायची आणि संचार साथी पोर्टलवर जाऊन हँडसेटचा आयएमईआय नंबर ब्लॉक करायचा. एकदा तो ब्लॉक झाला की दुसरं सिम घालूनही तो हँडसेट देशातल्या कुठल्या नेटवर्कवर चालत नाही. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स चोरीला गेला की घरातले लोक याच वाटेने जायला निघतात आणि तिथेच अडकतात. कन्सोलमध्ये सिम नसतं, म्हणून आयएमईआयही नसतो. संचार साथीचा इथे काही उपयोग नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आजचे बरेचसे फोन मालकाचं खातं आणि पासवर्ड दिल्याशिवाय नव्याने सुरूच होत नाहीत. कन्सोलला असं कुलूप नाही. प्लेस्टेशन ५ बंद करून त्याचं पॉवरचं बटण दुसरा ‘बीप’ ऐकू येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरलं की यंत्र सेफ मोडमध्ये सुरू होतं. तिथे `Reset PS5` हा पर्याय असतो. तो निवडताना जुन्या मालकाचा पासवर्ड विचारला जात नाही. पंधरा-वीस मिनिटांत यंत्र दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं आणि कुणाच्याही नव्या खात्याने चालू लागतं.

म्हणून कन्सोल चोरीला गेल्यावर पहिल्यांदा हे समजून घ्यायला हवं, की आपल्या दोन वेगवेगळ्या वस्तू धोक्यात आहेत. एक म्हणजे खातं. त्यात विकत घेतलेले गेम, वॉलेटमधले पैसे आणि साठवलेलं कार्ड असतं. ते दूर बसून वाचवता येतं, पण त्यासाठी हातात काही तासच असतात. दुसरी वस्तू म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. ते दूर बसून बंद पाडता येत नाही. ते परत मिळण्याची आशा फक्त सिरियल नंबरावर आणि तो नंबर लिहिलेल्या एफआयआरवर असते.

एक काल्पनिक, पण नेहमीचा प्रसंग

समजा, कोथरूडमधलं एक कुटुंब दिवाळीत चार दिवस कोकणात गेलं. रविवारी संध्याकाळी परत आल्यावर दिसलं, की दाराचा कडीकोयंडा उचकटलेला आहे. कपाटातली रोकड गेली आहे आणि टीव्हीखालचा प्लेस्टेशन ५ स्लिम, दोन कंट्रोलर आणि गेमच्या डिस्कही नाहीत. टीव्ही भिंतीवर तसाच आहे, कारण तो उचलून नेणं कठीण. हे मॉडेल भारतात एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्या कन्सोलची किंमत ५४,९९० रुपये होती. खातं मुलाच्या नावावर आहे, त्यात वडिलांचं क्रेडिट कार्ड जोडलेलं आहे आणि यंत्र लावताना पासवर्ड एकदाच टाकला होता. त्यानंतर कन्सोल सुरू केला की थेट मुलाचं खातं उघडायचं.

घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम म्हणजे कशालाही हात न लावणं आणि ११२ ला फोन करणं. दार, कपाट आणि टीव्हीचं स्टँड यांवरचे ठसे पोलिसांना घ्यायचे असतात. आवराआवर केली की ते पुसले जातात. पोलीस येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास मात्र वाया घालवायचा नाही. खात्याची कामं याच वेळात, जिन्यात उभं राहून मोबाइलवर करता येतात.

पहिला तास: खातं

सगळ्यात आधी मोबाइलवरचं प्लेस्टेशन ॲप उघडून पाहा. चोरीनंतर कुणी कन्सोल इंटरनेटला जोडून खेळलं असेल, तर त्याच्या खुणा खात्यावर उमटतात. मित्रांना तुमचं खातं ऑनलाइन दिसलेलं असतं, एखादी नवी ट्रॉफी आलेली असते, अलीकडे खेळलेल्या गेमचा क्रम बदललेला असतो. काढलेले स्क्रीनशॉट आपोआप ॲपवर चढवण्याची सोय सुरू असेल, तर चोराने खेळताना काढलेलं चित्रही तिथे येऊ शकतं. असं काही दिसलं तर वेळेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ईमेलमध्ये नव्या लॉगिनची किंवा खरेदीची सूचना आली असेल तर ती पुसू नका. अमुक दिवशी अमुक वाजता हे यंत्र इंटरनेटवर होतं, एवढी माहितीसुद्धा तपास अधिकाऱ्याला कंपनीकडे नेमका प्रश्न विचारायला उपयोगी पडते.

मग खातं बंद करायला घ्या. ब्राउझरमध्ये प्लेस्टेशनच्या संकेतस्थळावर लॉगिन करून खात्याच्या व्यवस्थापनात जा. तिथे `Security` या भागात पासवर्ड बदलता येतो आणि त्याच भागात `Sign Out on All Devices` हा पर्याय आहे. दोन्ही करा. फक्त पासवर्ड बदलून थांबलात, तर आधीपासून सुरू असलेलं एखादं लॉगिन राहून जाण्याचा धोका असतो. फक्त साइन-आउट केलंत, तर जुना पासवर्ड कुणाला माहीत असल्यास तो पुन्हा आत येऊ शकतो. त्याच पानावर `2-Step Verification` सुरू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या कोडशिवाय कुणाला आत येता येणार नाही. तोच पासवर्ड ईमेललाही वापरत असाल तर ईमेलचा आधी बदला. खातं परत मिळवण्याची वाट शेवटी ईमेलमधूनच जाते.

साइन-आउट आणि यंत्राची नोंद काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा इथेच होतो. साइन-आउट म्हणजे त्या यंत्रावरचं तुमचं लॉगिन संपवणं. पण प्लेस्टेशन ५ वर `Console Sharing and Offline Play` नावाची एक सेटिंग असते. ती सुरू असलेल्या यंत्रावर तुमच्या खात्याने घेतलेले डिजिटल गेम दुसऱ्या कुणालाही, आणि इंटरनेट नसतानाही, खेळता येतात. घरातल्या भावंडांसाठी ही सोय चांगली आहे, पण यंत्र चोराच्या हाती गेल्यावर तीच सोय त्याच्या कामी येते. ती काढण्यासाठी खात्याच्या पानावर `Device Management` मध्ये जाऊन त्या कन्सोलची नोंद रद्द करावी लागते. वेबवरून सगळी यंत्रं एकदम काढण्याची सोय सहा महिन्यांतून एकदाच वापरता येते. म्हणून ती चाचपडत वापरून संपवू नका. नवा कन्सोल आल्यावर तो नव्याने जोडता येतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती माहीत असलेली बरी. तुम्ही पाठवलेला ‘बाहेर काढा’ हा आदेश कन्सोलपर्यंत इंटरनेटवरून पोहोचतो. चोराने यंत्र नेटला जोडलंच नाही, तर आत उतरवलेले गेम काही काळ त्याला तसेच दिसत राहतील. त्याने काही मोठं बिघडत नाही. खरेदी करायला, वॉलेट वापरायला, तुमच्या मित्रांना निरोप पाठवायला नेट लागतंच, आणि नेट जोडलं की दार बंद झालेलं असतं.

पैशाकडे यानंतर वळा. खात्याच्या पानावर `Payment Management` मध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका आणि `Transaction History` मध्ये चोरीच्या दिवसापासूनचे व्यवहार तपासा. देशातल्या व्यवहारांना ओटीपी लागत असला तरी परदेशी व्यापाऱ्याच्या नावाने होणारा प्रत्येक व्यवहार तो मागेलच असं नाही. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार तात्पुरते बंद करा. अनोळखी खरेदी दिसलीच, तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा बोजा येत नाही. उशीर झाला की तो बोजा वाढत जातो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावरही कळवायचं. मात्र १९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठी आहे. यंत्राची चोरी तिथे नोंदवली जात नाही.

खेळातली प्रगती वाचली का, हा घरातल्या मुलांचा पहिला प्रश्न असतो. विकत घेतलेले डिजिटल गेम खात्यावर असतात, ते कुठे जात नाहीत. डिस्क मात्र गेल्या त्या गेल्या. प्लेस्टेशन प्लसचं सभासदत्व असेल तर खेळाची प्रगती बहुधा क्लाउडवर असते. ते नसेल तर प्लेस्टेशन ५ च्या गेमची प्रगती त्या यंत्रातच राहिली, कारण ती पेनड्राइव्हवर काढून ठेवण्याची सोयच या कन्सोलवर नाही.

एक्सबॉक्स आणि स्विच वेगळे कसे

एक्सबॉक्सवाल्यांची इथे हमखास फसगत होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही सगळीकडून साइन-आउट करण्याचं बटण आहे. ते दाबल्यावर चोवीस तासांच्या आत ब्राउझर आणि ॲपमधून तुम्ही बाहेर पडता. पण एक्सबॉक्स कन्सोल त्यातून वगळलेला आहे, आणि तसं तिथे लिहिलेलंही असतं. बटण दाबून निर्धास्त झालेल्या माणसाचं खातं चोरलेल्या कन्सोलवर उघडंच राहू शकतं. म्हणून एक्सबॉक्सच्या बाबतीत पासवर्ड बदलणं हेच मुख्य काम, आणि त्यानंतर account.microsoft.com/devices या पानावरून ते यंत्र काढणं.

पण थांबा. यंत्र काढण्याआधी त्याच पानावर त्याचा तपशील उघडा. तिथे कन्सोलचा सिरियल नंबर दिसतो. तो टिपून घ्या, पानाचा फोटो घ्या आणि मगच यंत्र काढा. घाईत उलटा क्रम झाला तर ज्या नंबराची पुढे सर्वांत जास्त गरज पडणार, तोच हातचा जातो.

निन्टेन्डोच्या खात्यातही सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करता येतं आणि स्विचची नोंद वेबवरून रद्द करता येते. स्विच हातात मावणारा असल्याने तो घरापेक्षा रेल्वेच्या डब्यातून किंवा वसतिगृहातून जास्त जातो. भारतात तो बहुधा बाहेरून आणलेला असतो, त्यामुळे भारतीय दुकानाचं बिल नसतं. अशा वेळी परदेशातल्या खरेदीची पावती, ईमेल किंवा खोक्याचा फोटो हाच मालकीचा पुरावा धरून चालावं लागतं.

नंबर कुठे सापडतो

आता यंत्राकडे येऊ. कन्सोलच्या अंगावरच्या लेबलवर दोन नंबर असतात आणि तक्रारीत बहुतेकदा चुकीचा लिहिला जातो. प्लेस्टेशन ५ च्या लेबलवर CFI या अक्षरांनी सुरू होणारा जो नंबर असतो, तो मॉडेलचा. तो त्या प्रकारच्या सगळ्या यंत्रांवर सारखाच असतो. एफआयआरमध्ये फक्त तो लिहिला तर त्यातून एवढंच कळतं, की एक प्लेस्टेशन गेला. तुमचं यंत्र इतरांपासून वेगळं ओळखायला सिरियल नंबरच लागतो. सेफ मोडमधून यंत्र कितीही वेळा कोरं केलं तरी तो बदलत नाही. लेबल खरवडून काढलं, तरी कन्सोल सुरू करून `Settings`, मग `System`, मग `System Software`, मग `Console Information` या पानावर तो वाचता येतो. चोरांना लेबल आठवतं, हे पान सहसा आठवत नाही.

यंत्र हातात नसताना हा नंबर मिळवायच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत सोपी म्हणजे खोकं. माळ्यावर पडलेल्या मूळ खोक्यावर बारकोडच्या शेजारी सिरियल नंबर छापलेला असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर बिल पाहा. मोठ्या दुकानांच्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांच्या बिलावर अनेकदा वस्तूच्या नावाखाली सिरियल नंबर असतो. छापील बिल हरवलं असेल तर विक्रेत्याच्या ॲपमधल्या जुन्या ऑर्डरमधून त्याची प्रत उतरवता येते, किंवा दुकानात मोबाइल नंबर सांगून ती पुन्हा मागता येते. यंत्र कधी दुरुस्तीला गेलं असेल तर सेवा केंद्राच्या जॉबशीटवर नंबर हमखास असतो, कारण वॉरंटी त्यावरूनच तपासतात.

यांपैकी काहीच नसेल तर घरच्या वायफाय राउटरमध्ये डोकावून पाहा. राउटरच्या सेटिंगमध्ये पूर्वी जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि प्रत्येक उपकरणासमोर बारा आकडे-अक्षरांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तोही यंत्रागणिक वेगळा असतो. सिरियल नंबराइतका तो सोपा नाही, पण जप्त केलेला कन्सोल तुमचाच आहे हे पटवायला त्याचा आधार होतो. फक्त राउटर रीस्टार्ट करण्याआधी यादीचा फोटो घ्या, कारण काही राउटरमध्ये ही यादी पुसली जाते.

कोथरूडच्या आपल्या कुटुंबाकडे समजा खोकं नाही, पण दुकानाने ईमेलवर पाठवलेलं जीएसटी बिल आहे. त्यावर सिरियल नंबर आहे. याशिवाय एका कंट्रोलरच्या मुठीवर मुलाने लावलेलं स्टिकर आणि कन्सोलच्या झाकणावर पडलेला ओरखडा वाढदिवसाच्या फोटोत दिसतो. हे तपशीलही तक्रारीत जायला हवेत. नंबर यंत्राची ओळख पटवतो, आणि ओरखडा त्या ओळखीला दुजोरा देतो.

नंबर सापडल्यावर तो समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. खातं परत मिळवताना ओळख पटवण्यासाठी कंपनी सिरियल नंबर विचारू शकते. तो जगजाहीर केला तर तुमच्या नावाने कंपनीशी बोलणाऱ्या भामट्याच्या हातात एक पुरावा आयता जातो. चोरीची बातमी सांगायची असेल तर यंत्राचा फोटो आणि खुणा सांगा. नंबर पोलिसांकडे आणि स्वतःकडे ठेवा.

ठाण्यात

पोलीस ठाण्यात गेल्यावर पहिला फरक लक्षात ठेवायचा तो ‘हरवलं’ आणि ‘चोरीला गेलं’ यांमधला. हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाइन करता येते आणि काही मिनिटांत दाखला हातात पडतो. तो सोपा म्हणून लोक तोच घेतात. पण त्या दाखल्याने गुन्हा नोंदला जात नाही, तपास सुरू होत नाही आणि विमा कंपनीही चोरीच्या दाव्यासाठी तो मानत नाही. कडीकोयंडा तोडून नेलेली वस्तू हरवलेली नसते.

दुसरा फरक तक्रार अर्ज आणि एफआयआर यांमधला. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का मिळाला की काम झालं असं वाटतं, पण तो फक्त अर्ज पोहोचल्याचा पुरावा असतो. गुन्हा दाखल झाला की त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि कलमं लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात साध्या चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दार फोडून आत शिरल्याचं कलम वेगळं लागतं. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते. म्हणून किंमत अंदाजाने न सांगता बिल पुढे ठेवा.

प्रक्रियेचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहेत. हद्द कुठलीही असली तरी ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची असते. रेल्वेत पुणे ते नागपूर प्रवासात स्विच गेला आणि कुठल्या स्टेशनावर गेला हे माहीत नसलं, तरी नागपूरला उतरून तक्रार देता येते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. ते राहिलं तर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने खबर घ्यायला नकार दिला तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आयुक्तालय असलेल्या शहरात ती परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जाते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फिर्याद देताना यंत्राचं वर्णन मोघम राहू देऊ नका. ‘एक व्हिडिओ गेम’ असं लिहिलं गेलं तर पुढे जप्त केलेल्या दहा वस्तूंत तुमची कोणती हे कुणी सांगू शकत नाही. आपल्या कुटुंबाच्या फिर्यादीत असं वाक्य हवं:

‘सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ स्लिम (डिस्कवाला) पांढऱ्या रंगाचा गेमिंग कन्सोल, मॉडेल क्रमांक अमुक, सिरियल नंबर अमुक, अमुक तारखेला अमुक दुकानातून ५४,९९० रुपयांस खरेदी केलेला, झाकणावर उजव्या बाजूस ओरखडा, सोबत दोन कंट्रोलर, पैकी एकाच्या मुठीवर निळं स्टिकर.’

खात्याची ओळख, म्हणजे ऑनलाइन आयडी आणि नोंदवलेला ईमेल, हेही फिर्यादीत येऊ द्या. चोरीनंतर खातं ऑनलाइन दिसलं असेल तर ती वेळ आणि स्क्रीनशॉट जोडा. सही करण्याआधी सिरियल नंबर एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. इंग्रजी O आणि शून्य, तसंच I आणि एक यांची अदलाबदल नेहमी होते, आणि एका अक्षराच्या चुकीने सगळी मेहनत वाया जाते.

कंपनीकडून चोराचा पत्ता मिळेल का, हा यापुढचा नेहमीचा प्रश्न. ग्राहक सेवेला फोन करून तो मिळत नाही. यंत्र कोणत्या आयपी पत्त्यावरून आणि कोणत्या खात्याने जोडलं गेलं, ही माहिती दुसऱ्या माणसाची खासगी माहिती ठरते. ती कंपनी तुम्हाला देणार नाही. तपास अधिकारी कायद्याच्या मार्गाने नोटीस देऊन ती मागू शकतो, आणि मिळालेल्या आयपी पत्त्यावरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे ग्राहकाचं नाव विचारू शकतो. एका कन्सोलसाठी एवढं केलं जाईलच असं नाही. पण घरफोडीत दागिने आणि रोकडही गेली असेल, तर तोच कन्सोल टोळीपर्यंत पोहोचायचा धागा होऊ शकतो. हे अधिकाऱ्याला तुम्हीच सांगावं लागतं, कारण कन्सोल इंटरनेटवर आपली ओळख सांगत असतो हे सगळ्यांच्या लक्षात येत नाही.

जुन्या वस्तूंच्या बाजारात

चोरलेला कन्सोल बहुधा घरात ठेवला जात नाही, विकला जातो. जुन्या वस्तूंच्या ॲपवर, फेसबुकच्या गटांत किंवा शहरातल्या गेमिंगच्या दुकानांत तो येतो. पहिले काही आठवडे हे बाजार पाहत राहा. जाहिरातीत बिल आणि खोकं नाही, भाव संशय यावा इतका कमी आहे आणि कंट्रोलरवरचं स्टिकर ओळखीचं वाटतंय, तर त्या पानाचा पत्ता, विक्रेत्याचं नाव आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. `Console Information` च्या पानाचा फोटो मागणं हे कुठल्याही चौकस गिऱ्हाइकाचं काम आहे, त्यामुळे तो मागायला हरकत नाही. नंबर जुळला तर एकट्याने भेटायला जाऊ नका आणि विक्रेत्याला ‘हा माझा आहे’ असंही सांगू नका. तो सावध होईल आणि यंत्र दुसऱ्या हातात जाईल. गुन्हा क्रमांकासह ती माहिती तपास अधिकाऱ्याला द्या, पुढचं काम त्याचं.

जुना कन्सोल विकत घेणाऱ्यांसाठीही यात इशारा आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला जागा असून तो घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तोही गुन्हा आहे. बिलावरचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर जुळवून पाहिला तर हा धोका टळतो.

यंत्र सापडलंच तर ते लगेच घरी येत नाही. तो खटल्यातला मुद्देमाल असतो आणि न्यायालयाच्या आदेशाने, सुपुर्दनाम्यावर मिळतो. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सोबत बिल जोडायचं आणि गरज पडेल तेव्हा वस्तू हजर करीन असं बंधपत्र द्यायचं. सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की जप्त वस्तू ठाण्यात पडून ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून त्या हक्काच्या माणसाला लवकर द्याव्यात. अर्जात या निकालाचा उल्लेख करता येतो. यंत्र घरी आल्यावर आधी ते सेफ मोडमधून कोरं करा आणि मगच स्वतःच्या खात्याने लॉगिन करा.

सापडलं नाही तर काही काळाने पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल देतात. याचा अर्थ गुन्हा खरा घडला, पण आरोपी सापडला नाही. घरफोडीचा विमा असणाऱ्याकडे दावा निकाली काढताना एफआयआरसोबत हा अहवाल बहुधा मागतात, म्हणून तो मागून घ्या. विम्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत चोरीचा उल्लेख आहे, पण तो आग, पूर यांसारख्या आपत्तीमुळे, तिच्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरता. सुट्टीत कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही दार किंवा खिडकी बळाने उघडल्याच्या खुणा सहसा पाहिल्या जातात. पंचनाम्यात उचकटलेल्या कडीकोयंड्याची नोंद आली पाहिजे ती याचसाठी.

ज्यांचा कन्सोल आज घरात आहे, त्यांनी तीन कामं आजच उरकावीत. बिलाचा आणि `Console Information` च्या पानाचा फोटो काढून तो स्वतःला ईमेल करावा. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. आणि `Users and Accounts` मधल्या `Login Settings` मध्ये जाऊन कन्सोलला चार आकड्यांचा पासकोड द्यावा, म्हणजे यंत्र कुणाच्याही हाती पडलं तरी खातं आपोआप उघडणार नाही. चोरी यामुळे थांबणार नाही, पण ठाण्यात ‘नंबर काय?’ या पहिल्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.